न आलेल्या एसएमएसचं काय?

गेल्या पंधरवड्यात आमच्या पतसंस्थेच्या सचिवांचं पत्र घरोघरी आलं. वर 'मा. सभासद बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार', खाली गोल शिक्का आणि मधे तीन परिच्छेद. येत्या महिन्यापासून दैनिक ठेव, आवर्त ठेव, मुदत ठेव आणि कर्जाचे हप्ते यांची प्रत्येक नोंद एसएमएसने कळवली जाईल. त्यासाठी सोबतचा फॉर्म भरून मोबाइल क्रमांक द्यावा, आणि फॉर्म रोजची ठेव गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाकडे दिला तरी चालेल. एवढ्यावरून गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, चला, आपली संस्था बँकांच्या पंगतीला बसली. दुसरा म्हणतो, वीस वर्षं ऊनपावसात दारात येणाऱ्या माणसावर हा अविश्वास आहे, आणि वर त्याचा खर्च आमच्याच लाभांशातून. वार्षिक सभा तोंडावर आली आहे, त्यामुळे टपरीवर रोज हाच विषय. गंमत अशी की दोन्ही बाजू पत्राचे पहिले दोन परिच्छेद वाचून भांडताहेत. खरी गोम तिसऱ्यात आहे.

तिसरा परिच्छेद एकाच वाक्याचा आहे: 'संदेश पाठविल्यापासून आठ दिवसांत लेखी हरकत न आल्यास सदर नोंद आपणांस मान्य आहे असे समजण्यात येईल.' माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. एसएमएस सुरू झालेच पाहिजेत, खरं तर फार उशीर झालाय. पण हे वाक्य ठेवून आणि मोबाइल क्रमांक एजंटाच्या हातून गोळा करून ते सुरू करणार असतील, तर नाही केले तरी चालतील. तसं केलं तर सभासदाच्या हातात नवं काही येणार नाही, उलट आज त्याच्याकडे असलेला तक्रारीचा हक्क आठ दिवसांत विरून जाईल. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हे ऐकीव नाही.

पतसंस्थेची गोष्ट बँकेपेक्षा वेगळी का, हे आधी पाहू. बँकेतल्या ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली असते. ती बँक नव्हे, आणि तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. एसएमएसच्या बाबतीतही तसंच. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये बँकांना सांगितलं की इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची सूचना ग्राहकाला द्या, आणि चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल व त्याने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर नुकसान त्याच्या माथी मारू नका. म्हणजे तिथे दिवस मोजले गेले ते ग्राहकाला वाचवण्यासाठी. आमच्या पत्रातले आठ दिवस उलट्या बाजूने मोजले आहेत. पतसंस्थेत असा कुठला बाहेरचा दंडक नसल्यामुळे सचिवांचं पत्र हाच नियम होऊन बसतो. म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासायला हवं.

आता पिग्मीचा पैसा चालतो कसा ते बघा. ही कल्पना मूळची उडुपीकडची. तिथल्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, 1928 मध्ये दारोदार जाऊन रोज दोन आण्यांइतकी किरकोळ रक्कम गोळा करायला सुरुवात केली. आज आमच्याकडे एजंटाच्या हातात छोटं मशीन असतं. सकाळी शाखेत त्यात खात्यांची यादी भरायची, दिवसभर बाजारपेठ फिरायची, रक्कम टाकून चिठ्ठी फाडून द्यायची, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी मशीन जोडून नोंदी उतरवायच्या आणि रोकड भरायची. एसएमएस निघतो तो या उतरवलेल्या नोंदीवरून. तुम्ही एजंटाच्या हातावर किती ठेवले हे संगणकाला माहीतच नसतं. मशीनमध्ये किती टाकले एवढंच त्याला कळतं. एजंटाने नोंदच केली नाही तर एसएमएस चुकीचा येत नाही, तो येतच नाही. ही व्यवस्था जी चोरी पकडण्यासाठी उभी करायची, त्या चोरीची खूण म्हणजे न आलेला संदेश. आणि पत्र म्हणतं, 'संदेश पाठविल्यापासून आठ दिवस'. जो पाठवलाच नाही त्याचे आठ दिवस कुठून मोजायचे?

एक प्रकरण तपशिलात सांगतो. संस्था दुसऱ्या तालुक्यातली, नाव घेण्याचं कारण नाही. मंडईबाहेर चहाची गाडी लावणाऱ्या एक बाई रोज 200 रुपये पिग्मी भरायच्या. एजंट त्यांच्या पिवळ्या कार्डावर 200 लिहून सही करायचा आणि मशीनमध्ये 100 टाकायचा. मशीनची चिठ्ठी मागितली की म्हणायचा, रोल संपलाय. नऊ महिने, महिन्याचे पंचवीस दिवस धरून 225 दिवस. कार्डावर 45,000, खतावणीत 22,500. आम्ही शिल्लक पडताळणीसाठी निवडक खातेदारांना भेटत होतो, म्हणून ते सापडलं. विशेष म्हणजे त्या संस्थेत एसएमएस सुरू होऊन वर्ष झालं होतं. 225 दिवसांचे 225 संदेश निघाले होते, पोचलेही होते, आणि प्रत्येकात अगदी खरं लिहिलं होतं: 100 रुपये जमा. मग बाईंना कळलं कसं नाही? मी खातेदारांची यादी मागवून मोबाइलच्या रकान्यावरून क्रमवार लावली. एकच क्रमांक 38 खात्यांना. तो एजंटाचा होता.

बाईंनी कार्ड पुढे केल्यावर व्यवस्थापकांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? 'मग तुम्ही आठ दिवसांत हरकत का घेतली नाही?' हेच वाक्य तिथल्याही पत्रात होतं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी त्यातला एकही संदेश पाहिला नव्हता. पुढे संचालक मंडळाने दोन सभा घेऊन एजंटाची अनामत आणि कमिशन वळतं केलं आणि बाईंना पैसे मिळाले. पण ते मिळाले पिवळ्या कार्डावरच्या सह्यांमुळे. एसएमएसने संस्थेच्या बाजूने साक्ष दिली होती.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यांतला सर्वांत जोरकस मुद्दा अविश्वासाचा. एजंट आणि खातेदार यांचं नातं नुसत्या हिशेबाचं नसतं, हे मला मान्य आहे. दुकान बंद असलं तर तो घरी येतो, आजारपणात रक्कम काढायची तर पावती स्वतः घेऊन येतो, पोराच्या दहावीचे गुण विचारतो. बहुतेक एजंट सरळ असतात. वर सांगितलेल्या 38 खात्यांपैकी फरक निघाला तो 11 मध्ये, उरलेल्या 27 खात्यांत पै न पै बरोबर होती. पण पावती म्हणजे अविश्वास, ही समजूत जुनी आहे आणि ती नेहमी पैसे घेणाऱ्याच्याच सोयीची असते. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, तेव्हाची मुख्य तक्रार नुसत्या व्याजदराची नव्हती. दिलेले पैसे वहीत चढत नाहीत आणि चढले तरी आम्हाला ते दिसत नाहीत, हीही होती. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात सावकाराने पैसे घेतले की तिथल्या तिथे लेखी पावती द्यावी, शेतकरी ती मागो अथवा न मागो, अशी तरतूद केली. वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कही दिला.

'मागो अथवा न मागो' हे फार शहाणपणाचं आहे. ज्याला पैशाची गरज आहे, जो पुढच्या महिन्यात पुन्हा याच माणसाकडे जाणार आहे, तो पावती मागताना चाचरतो. चहाच्या गाडीवरच्या बाई एजंटाला रोज चिठ्ठी मागू शकत नव्हत्या, कारण मागणं म्हणजे संशय घेणं. संदेश आपोआप आला की मागण्याचा प्रश्न उरत नाही आणि अपमानाचाही नाही. सरळ एजंटाला तर त्याचा फायदाच आहे. आज कुणी उठून 'मी दिले होते, याने लिहिले नाहीत' म्हटलं तर त्याच्याकडे दाखवायला काय असतं? त्याच कायद्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. गहाणखतावर कोर्टाची नजर आली म्हटल्यावर सावकार खरेदीखतं लिहून घेऊ लागले. एक दार बंद केलं की पैसा खाणारा दुसरं शोधतो. आमच्याकडे ते दुसरं दार म्हणजे मोबाइल क्रमांकाचा रकाना.

काही जण म्हणतात, पासबुक आहे की, मग संदेश कशाला? 1978 मधला सर्वोच्च न्यायालयाचा स्टेट बँकेच्या प्रकरणातला निकाल त्यांनी आठवावा. व्यवहार जुना, इंपीरियल बँकेच्या काळातला, अलाहाबादचा. एका महिलेच्या खात्यात भरण्यासाठी पैसे दिले होते ते बँकेतल्या ओळखीच्या, शेजारच्या कर्मचाऱ्याकडे. त्याने पासबुकात नोंदी केल्या आणि पैसे स्वतः वापरले. न्यायालय म्हणालं, तो तेव्हा बँकेचं काम करत नव्हता, तुमचा विश्वासातला माणूस म्हणून वागत होता, तेव्हा बँक जबाबदार नाही. पासबुक हातात, नोंदी पासबुकात, आणि पैसे नाहीत. पिग्मी एजंटाचं तसं नाही, हेही खरं. त्याला संस्थेनेच पैसे गोळा करायला नेमलेलं असतं. 2001 मध्ये सिंडिकेट बँकेच्या ठेव गोळा करणाऱ्यांच्या प्रकरणात तर ते कामगारच आहेत असा निर्णय झाला. म्हणजे एजंटाने घेतलेले पैसे संस्थेने घेतले, असंच सभासद धरून चालतो, आणि ते रास्त आहे. मग संस्था आपल्याच माणसाच्या नोंदीची जबाबदारी आठ दिवसांच्या मौनातून सभासदावर का ढकलते?

दुसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो, आणि तो सभेत कुणी मोठ्याने बोलणार नाही. चहाच्या गाडीवरच्या बाईंनी एजंटाचा क्रमांक का दिला होता? मी विचारलं. घरात फोन एकच, तो मुलाकडे. पिग्मीची गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती, आणि त्यांना ती माहीत व्हायला नको होती. 'कळलं असतं तर उरली असती का?' एवढंच म्हणाल्या. एजंटाने क्रमांक लबाडीने घुसवला नव्हता, बाईंनीच विनवलं होतं. बाजारात अशा किती तरी बायका आहेत. त्यांच्या दृष्टीने पिग्मीचं मोल व्याजात नाही, घरातल्या कुणाच्या हाताला न लागणाऱ्या जागेत आहे. तिथे रोज संध्याकाळी मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवर टिंग वाजवून शिल्लक जाहीर करणं म्हणजे ती जागाच मोडून टाकणं. 'पारदर्शकता' म्हणून टाळ्या घेणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर असं. संदेश नको म्हणण्याचा हक्क फॉर्मवरच असावा. पण ज्याने नको म्हटलं त्याच्या खात्यावरची नजर ढिली होता कामा नये, ती दुप्पट व्हावी. अशा खातेदाराने महिन्यातून एकदा काउंटरवर येऊन पासबुक छापून घ्यावं आणि कार्डाशी ताडून बघावं. ते काम एजंटाने करायचं नाही, शाखेतल्या माणसाने करायचं. आणि लेखापरीक्षकाने शिल्लक पडताळणीसाठी खाती निवडताना पहिली यादी हीच घ्यावी: ज्यांना संदेश जात नाहीत ती, आणि एकाच क्रमांकावर तीनपेक्षा जास्त असलेली. एका घरातली तीन खाती एका क्रमांकावर असणं स्वाभाविक आहे, अडतीस नसतात. ही यादी काढायला कुठलंही नवं सॉफ्टवेअर लागत नाही. रकाना क्रमवार लावायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. एजंट, कर्मचारी आणि संचालक यांचे स्वतःचे क्रमांक त्या रकान्यात शोधायचे, एवढंच.

याच रकान्यात त्याहून मोठा धोका आहे. पिग्मीत शंभर-दोनशे जातात. ठेवतारण कर्जात लाख जातात. शाखेतल्या कुणी तुमच्या मुदत ठेवीवर तुमच्या नकळत कर्ज उचलायचं ठरवलं, तर एसएमएस त्याची अडचण आहे. मग तो आधी तुमचा क्रमांक बदलतो, नंतर कर्जाची नोंद करतो. संदेश निघतो, नव्या क्रमांकावर जातो, तुमचा फोन गप्प. यावर उपाय एका ओळीचा आहे: क्रमांक बदलला की बदलाची सूचना जुन्या क्रमांकावर गेली पाहिजे. चोर सगळ्या गोष्टी बदलू शकतो, पण तुमच्या खिशातला जुना फोन त्याला गप्प करता येत नाही. आमच्या सचिवांच्या पत्रात या ओळीचा पत्ता नाही.

खर्चाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही, पण तो खोटा नाही. समजा 4,000 दैनिक खाती, महिन्याला 25 संदेश, दर संदेशाला 20 पैसे. झाले 20,000 रुपये महिना. मराठीत संदेश पाठवला तर त्याहून जास्त पडू शकतात, कारण रोमन लिपीतला संदेश 160 चिन्हांपर्यंत एक धरला जातो, देवनागरीतला फक्त 70 पर्यंत, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजतात. म्हणून आमच्या पत्रात 'तांत्रिक कारणास्तव संदेश इंग्रजीत येतील' असं लिहिलंय. कारण तांत्रिक नाही, पैशाचं आहे. आणि आमच्या पेठेत 'क्रेडिट' म्हणजे उधारी. 'युवर अकाउंट इज क्रेडिटेड' वाचून किराणावाल्याने डोक्याला हात लावला तर त्याची काय चूक? मराठीतही तो 70 मध्ये बसतो. हा बघा:

```
खाते xx471 जमा रु.200 दि.12/06 एकूण रु.18,400 एजंट 07
```

ही 53 चिन्हं झाली. संस्थेचं लांबलचक नाव आणि 'आपला विश्वासू सहकारी मित्र' ही ओळ गाळली की मराठी परवडते. तरी खर्च जड वाटत असेल तर पिग्मीला रोज संदेश नको, शनिवारी एकच पाठवा: या आठवड्यात 6 दिवस, एकूण 1,200. मला तर तो रोजच्यापेक्षा बरा वाटतो. रोज वाजणारा फोन महिनाभरात कुणी बघत नाही, पण सहा दिवसांचे सहाऐवजी पाच दिसले की माणूस थबकतो, आणि सहा दिवस मागचं त्याला आठवतंही. पैसे काढणं, ठेव मोडणं, कर्ज नावे पडणं आणि क्रमांक बदलणं, यांचे संदेश मात्र त्या क्षणी जायला हवेत. तिथे काटकसर नको.

संदेशांच्या निमित्ताने ठगांचं फावेल, ही भीतीही खरी आहे. 'तुमचं पतसंस्थेचं खाते बंद होणार, खालील लिंक उघडा' असे संदेश येणारच. सचिवांच्या पत्रात त्यासाठी दोन वाक्यं पुरेशी होती: आमच्या संदेशात कधीही लिंक नसेल, आणि तो दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून कधीही येणार नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार संस्थेला आपलं प्रेषक-नाव आणि संदेशाचा साचा आधी नोंदवावा लागतो. आता त्या नावापुढे शेपटीही दिसते, सेवेच्या संदेशाला -S आणि जाहिरातीच्या संदेशाला -P. ते नाव पत्रातच छापून द्यायचं, म्हणजे सभासद ताडून बघेल. पण याच साच्यामुळे संदेश अडकतोही. नोंदलेल्या साच्यातला एक शब्द बदलला तरी दूरसंचार कंपनी संदेश पुढे सोडत नाही. 8 मार्च 2021 ला ही गाळणी देशभर लावली तेव्हा भल्याभल्या बँकांचे ओटीपी अडकले आणि ट्रायला ती काही दिवस मागे घ्यावी लागली. तेव्हा न आलेला प्रत्येक संदेश चोरीचा नसतो, आणि 'पाठवला' म्हणजे 'पोचला'ही नव्हे. आठ दिवस 'पाठविल्यापासून' मोजणाऱ्या वाक्यात हा फरकच नाही.

कर्जाच्या हप्त्याबद्दल पत्रात एक ओळ आहे, मीही थोडक्यात सांगतो. '5,000 जमा' एवढाच संदेश कर्जदाराला फसवं समाधान देतो. भरलेला पैसा आधी खर्चाला, मग दंडव्याजाला, मग व्याजाला आणि उरला तर मुद्दलाला लागतो. म्हणून संदेशात मुद्दलाची बाकी हवी, आणि पैसे घेतल्याची तारीख हवी, नोंद उतरवल्याची नव्हे. वसुली अधिकाऱ्याने 31 ला घेतलेला हप्ता 3 ला चढला की दंडव्याज कर्जदाराच्या बोडक्यावर. आणि जामीनदाराला पहिला कागद सहकार कायद्याच्या कलम 101 च्या वसुली दाखल्याच्या वेळी मिळतो, तेव्हा त्याला मित्राचे किती हप्ते थकले ते प्रथमच कळतं. तिसरा हप्ता थकला की जामीनदाराला एक संदेश जावा. कर्जदाराची अब्रू जाते म्हणून याला विरोध होईल. पण ज्याच्या सहीवर कर्ज दिलं त्याच्यापासून ते लपवायचं, ही कुणाची अब्रू राखणं आहे?

एवढं करूनही एसएमएस काय पकडू शकत नाही, हे सभेत सांगायला हवं. तुमचे पैसे बरोबर जमा होऊन, संदेश बरोबर येऊन, पुढे संचालकांनी ते बुडीत कर्जात घातले तर तुमचा फोन वाजणार नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांच्या खात्यातले आकडे बरोबरच होते. एकाच उद्योगसमूहाला दिलेली कर्जं झाकायला केलेली 21 हजारांहून अधिक बनावट खाती मात्र कुठल्या ठेवीदाराच्या पासबुकात दिसणार होती? एसएमएस हा काउंटरपर्यंतचा पहारेकरी आहे, सभागृहातला नाही. ज्यांना त्याच्या नावावर 'आता संस्था पूर्ण सुरक्षित' असं छापायचंय त्यांनी ते छापू नये.

मी सभेसाठी ठरावाची लेखी सूचना दिली आहे. आठ दिवसांचं वाक्य काढून त्या जागी असं वाक्य घालावं: 'सात दिवसांत संदेश न आल्यास किंवा रकमेत फरक आढळल्यास शाखेत तोंडी किंवा लेखी कळवावे, कळविण्यास उशीर झाला या कारणाने दावा नाकारला जाणार नाही.' फॉर्म एजंटाकडे न देता शाखेत ओळखपत्र दाखवून द्यावेत, ज्यांना येणं जमत नाही त्यांच्याकडे शाखेचा कर्मचारी जाईल. आणि क्रमांक बदलाची सूचना जुन्या क्रमांकावर. पहिल्या दोन गोष्टींना सचिवांची फारशी हरकत दिसली नाही. तिसरीबद्दल ते म्हणाले, 'सॉफ्टवेअरवाला त्याचे वेगळे पैसे मागतो.' किती, ते विचारलं. बघून सांगतो म्हणाले. सभा रविवारी आहे, अजून आकडा आलेला नाही.